विश्लेषण : निफ्टी ७३३ अंकांनी वाढला, तरी ‘आरव्हीआय’ने तो दिवस उणे का धरला?

३ जून २०२४, सोमवार. शनिवारी संध्याकाळी लोकसभा निवडणुकीचे मतदानोत्तर कल जाहीर झाले होते आणि बाजार जणू त्याचीच वाट पाहत होता. शुक्रवारी २२,५३०.७० वर बंद झालेला निफ्टी सोमवारी २३,२६३.९० वर बंद झाला. एका दिवसात ७३३ अंकांची, म्हणजे सव्वातीन टक्क्यांची वाढ झाली. वृत्तवाहिन्यांवर दिवसभर विक्रमी तेजीच्या बातम्या सुरू होत्या. पण अनेकांच्या मोबाइलवरील चार्टच्या तळाशी दिसणाऱ्या ‘रिलेटिव्ह व्हिगर इंडेक्स’ने, म्हणजेच ‘आरव्हीआय’ने, हाच दिवस मंदीचा म्हणून नोंदवला.

असेच उलटेही घडले. ७ एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेच्या आयातशुल्काच्या धक्क्याने निफ्टी ७४२.८५ अंकांनी, म्हणजे जवळपास तेवढ्याच टक्क्यांनी कोसळला. आरव्हीआयच्या हिशेबात मात्र तो दिवस चांगल्या तेजीचा ठरला. दोन्ही वेळा ना सॉफ्टवेअर चुकले होते, ना सूत्र. हा निर्देशक नेमके काय मोजतो आणि काय मोजतच नाही, हे या दोन दिवसांतून स्पष्ट होते. त्याच्या सिग्नल लाइनच्या छेदावर विसंबून खरेदी-विक्री करणाऱ्यांनी ते समजून घेणे गरजेचे आहे.

काय आहे हा निर्देशक?

अमेरिकी विद्युत अभियंते जॉन एलर्स यांनी हा निर्देशक मांडला. सिग्नल प्रोसेसिंगमधल्या फिल्टरचे तंत्र बाजाराच्या भावांना लावणारे म्हणून ते ओळखले जातात. २००४ मध्ये आलेल्या ‘सायबरनेटिक अ‍ॅनालिसिस फॉर स्टॉक्स अँड फ्युचर्स’ या त्यांच्या पुस्तकातही या निर्देशकाची चर्चा आहे.

त्यामागचा विचार साधा आहे. बाजारात जोर असेल, तर भाव सकाळी उघडला त्यापेक्षा वर बंद होतो. जोर ओसरला, तर उघडल्यापेक्षा खाली बंद होतो. म्हणून बंद भावातून सुरुवातीचा भाव वजा करायचा. पण ५० अंकांची वाढ शांत दिवशी मोठी असते आणि गोंधळाच्या दिवशी किरकोळ. म्हणून त्या फरकाला दिवसाच्या उच्चांक आणि नीचांकातील अंतराने भागायचे. भाव अगदी तळाला उघडून थेट शिखरावर बंद झाला, तर उत्तर अधिक १ येते. शिखरावर उघडून तळाला बंद झाला, तर उणे १ येते. प्रत्यक्षातले दिवस या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतात.

येथे नावाचा एक घोळ आधीच दूर करायला हवा. ‘आरव्हीआय’ हे संक्षिप्त नाव दोन वेगळ्या निर्देशकांना वापरले जाते. दुसरा म्हणजे डोनाल्ड डॉर्सी यांचा ‘रिलेटिव्ह व्होलॅटिलिटी इंडेक्स’. तो भावातील चढउतारांच्या तीव्रतेची दिशा मोजतो आणि ० ते १०० या पट्टीवर फिरतो. ट्रेडिंगव्ह्यूवर RVI टाइप केले तर हा दुसरा निर्देशक येतो. आपल्याला हवा असलेला तिथे RVGI या नावाने दिसतो. ओळखायची खूण सोपी आहे. चार्टखालील रेषा शून्याच्या वर-खाली फिरत असेल आणि तिच्यासोबत दुसरी रेषा असेल, तर तो व्हिगर इंडेक्स.

३ जूनचे गणित काय सांगते?

आता सुरुवातीच्या कोड्याकडे वळू. ३ जूनला निफ्टी २३,३३७.९० वर उघडला. दिवसाचा उच्चांक होता २३,३३८.७०, म्हणजे सुरुवातीच्या भावापेक्षा जेमतेम ८० पैसे वर. नीचांक २३,०६२.३० आणि बंद २३,२६३.९०. बंदमधून सुरुवात वजा केली की उणे ७४ अंक येतात. उच्चांक-नीचांकातले अंतर २७६.४० अंक. भागाकार उणे ०.२७.

मग ७३३ अंकांची वाढ गेली कुठे? ती सगळी बाजार उघडण्यापूर्वीच झाली होती. शुक्रवारचा बंद भाव आणि सोमवारचा सुरुवातीचा भाव यांत ८०७ अंकांचे अंतर होते. यालाच बाजाराच्या भाषेत ‘गॅप’ म्हणतात. सकाळी ९ वाजता सुरू होणाऱ्या पूर्व-खुल्या सत्रात शेअर्सचे खरेदी-विक्रीचे आदेश गोळा होतात, त्यांतून सुरुवातीचे भाव ठरतात आणि सव्वानऊला नियमित व्यवहार सुरू होतात. त्या सोमवारी पहिला नियमित सौदा होण्याआधीच तेजी संपली होती. नंतरच्या सव्वासहा तासांत बाजार प्रत्यक्षात थोडा खालीच आला.

७ एप्रिल २०२५ ला याच्या नेमके उलट झाले. आधीचा बंद २२,९०४.४५ असताना निफ्टी थेट २१,७५८.४० वर उघडला. पडझड उघडतानाच झाली. नंतर खरेदी आली आणि बाजार सावरत २२,१६१.६० वर बंद झाला. बंद वजा सुरुवात अधिक ४०३.२० अंक, दिवसाचे अंतर ५१०.३५ अंक आणि भागाकार अधिक ०.७९. त्या दिवशी गुंतवणूकदारांचे पोर्टफोलिओ लाल झाले, पण कँडल हिरवी होती आणि आरव्हीआय ती हिरवी कँडलच पाहतो.

थोडक्यात, सूत्रात कालचा बंद भाव कुठेच नाही. सव्वानऊ ते साडेतीन या वेळेत काय झाले एवढेच या निर्देशकाला दिसते. रात्री काय झाले, हे त्याला कळत नाही.

हा फरक किती मोठा असू शकतो?

निवडणूक निकालाचा तो पूर्ण आठवडा मांडून पाहिला की त्याचे उत्तर मिळते. पाच दिवसांतला ‘बंद वजा सुरुवात’ हा फरक असा होता :

- ३ जून : उणे ७४ अंक
- ४ जून : उणे १,२९५ अंक
- ५ जून : अधिक ४९२ अंक
- ६ जून : अधिक २२.८० अंक
- ७ जून : अधिक ४६८.३० अंक

यांची बेरीज उणे ३८५.९० अंक होते. आता निफ्टीचे काय झाले ते पाहा. ३१ मेचा बंद २२,५३०.७० आणि ७ जूनचा बंद २३,२९०.१५. म्हणजे आठवड्यात निर्देशांक ७५९.४५ अंकांनी, सुमारे ३.४ टक्क्यांनी वर गेला. दोन आकड्यांतला फरक १,१४५ अंकांचा आहे. बाजार बंद असताना पडलेल्या पाच गॅपची ती बेरीज आहे.

समजा, एका गुंतवणूकदाराने ३१ मेच्या बंद भावाला निफ्टीचा ईटीएफ घेऊन ७ जूनपर्यंत काहीच केले नाही. ४ जूनच्या पडझडीत तो घाबरला असेल, पण शुक्रवारी तो नफ्यात होता. दुसऱ्याने त्याच आठवड्यात रोज सकाळी उघडताना खरेदी केली आणि रोज दुपारी बंद होताना विकले. बाजार वाढलेला असूनही तो ३८६ अंकांनी तोट्यात गेला, त्यातून दलाली आणि कर वेगळे. आरव्हीआय या दुसऱ्या माणसाचा आठवडा मोजतो, पहिल्याचा नाही.

आठवड्यातल्या पाच दिवसांच्या उच्चांक-नीचांकातील अंतरांची बेरीज ३,८५१.६० अंक होते. उणे ३८५.९० ला तिने भागले की उणे ०.१० येते. सव्वातीन टक्क्यांहून अधिक वाढलेल्या आठवड्याला या पद्धतीने मिळालेले गुण शून्याखालचे आहेत.

सिग्नल लाइन कशी तयार होते?

एकेका दिवसाचा भागाकार फार उड्या मारतो. म्हणून एलर्स यांनी दोन पायऱ्यांत तो गुळगुळीत केला. पहिल्या पायरीत चार दिवसांची भारित सरासरी घेतली जाते. आजच्या आकड्याला एक वाटा, कालच्याला दोन, परवाच्याला दोन आणि त्याच्या आदल्या दिवसाला एक, असे सहा वाटे. वरच्या फरकांची आणि खालच्या अंतरांची सरासरी स्वतंत्रपणे काढली जाते.

७ जूनचे उदाहरण घ्या. ४६८.३० एकदा, २२.८० दोनदा, ४९२ दोनदा आणि उणे १,२९५ एकदा. बेरीज अधिक २०२.९० अंक. याच पद्धतीने चार दिवसांच्या अंतरांची बेरीज ४,७२१.२० अंक. भागाकार अधिक ०.०४. त्या दिवशी बाजार जोरात वाढूनही आकडा शून्याला जेमतेम स्पर्श करतो, कारण ४ जूनची मोठी लाल कँडल अजून हिशेबात आहे.

दुसऱ्या पायरीत अशा सरासऱ्यांची सहसा दहा दिवसांची बेरीज घेतात. वरच्या बेरजेला खालच्या बेरजेने भागले की आरव्हीआयची मुख्य रेषा मिळते. या मुख्य रेषेवर पुन्हा तीच चार दिवसांची १-२-२-१ सरासरी लावली की सिग्नल लाइन तयार होते. ट्रेडिंगव्ह्यूच्या पाइन एडिटरमध्ये हे सगळे एवढ्यात मावते :

```
//@version=5
indicator("RVGI")
len = input.int(10)
up = math.sum(ta.swma(close - open), len)
dn = math.sum(ta.swma(high - low), len)
rvgi = up / dn
sig = ta.swma(rvgi)
plot(rvgi, color=color.green)
plot(sig, color=color.red)
```

यातले `ta.swma` म्हणजे वर सांगितलेली सहा वाट्यांची सरासरी. मुख्य रेषा सिग्नल लाइनला खालून वर छेदते तेव्हा तो खरेदीचा संकेत मानला जातो आणि वरून खाली छेदते तेव्हा विक्रीचा. काही जण शून्य रेषेची अटही घालतात. छेद शून्याच्या बराच खाली झाला तर खरेदीचा आणि बराच वर झाला तर विक्रीचा संकेत ते ग्राह्य धरतात.

छेद उशिरा का येतो?

सरासरी घेतली की उशीर आलाच. या सूत्रात तो नेमका मोजता येतो. चार दिवसांच्या सममित सरासरीचा मध्य दीड दिवस मागे असतो. दहा दिवसांच्या बेरजेचा मध्य साडेचार दिवस मागे असतो. म्हणजे दैनिक चार्टवर मुख्य रेषा सरासरीने सहा सत्रांपूर्वीची स्थिती सांगते. सिग्नल लाइन आणखी दीड सत्र मागे, म्हणजे साडेसात सत्रांपूर्वीची. छेद म्हणजे या दोन जुन्या चित्रांची तुलना.

एकाच दिशेने दोन-तीन महिने चालणाऱ्या बाजारात सहा सत्रांचा उशीर चालून जातो. पण बाजार दर आठ-दहा सत्रांनी दिशा बदलत असेल, तर खरेदीचा छेद येईपर्यंत वाढीचा मोठा भाग संपलेला असतो आणि विक्रीचा छेद तळाजवळ येतो. लागोपाठचे छेद प्रत्येक वेळी थोडा तोटा देत असतील, तर बाजाराच्या लाटा निर्देशकाच्या उशिराइतक्याच आखूड आहेत, हे ओळखावे. अशा वेळी दहाऐवजी पाच दिवस घेतले तर उशीर अडीच सत्रांनी कमी होतो, पण खोटे छेद वाढतात.

एक मोठी कँडल पंधरवडाभर कशी छळते?

आरव्हीआय रोजच्या भागाकारांची सरासरी काढत नाही, तर आधी बेरजा करतो आणि मग भागतो. त्यामुळे ज्या दिवशी बाजार जास्त हलला, त्या दिवसाचे वजन आपोआप जास्त होते. ४ जूनला निफ्टी १,८९८ अंकांच्या पट्ट्यात हिंदकळला. पाच दिवसांच्या एकूण अंतरातला जवळपास निम्मा वाटा त्या एकट्या दिवसाचा होता.

चार दिवसांची सरासरी आणि दहा दिवसांची बेरीज मिळून कोणतीही कँडल तेरा सत्रे हिशेबात राहते. ४ जूनच्या कँडलचे वजन पहिल्या चार सत्रांत टप्प्याटप्प्याने वाढले, ७ ते १८ जून या काळात पूर्ण राहिले आणि १९ जूनपासून कमी होऊ लागले. २४ जूनच्या आकड्यात तिचा मागमूस नव्हता. १९ ते २४ जून या चार सत्रांत बाजाराने काहीही केले असते, तरी ही मोठी उणे नोंद बाहेर पडत असल्यामुळे मुख्य रेषेला वर जाण्याचा धक्का मिळणारच होता. सिग्नल लाइन आणखी मागे असल्याने अशा वेळी दोन रेषांमधले अंतर बदलते आणि छेदही होऊ शकतो. असा छेद बाजारातल्या नव्या खरेदीमुळे होत नाही. जुना आकडा वहीतून खोडला गेल्याने तो होतो.

हे ओळखण्याची पद्धत अगदी साधी आहे. छेद दिसला की चार्टवर दहा ते तेरा कँडल मागे जाऊन पाहावे. तिथे नेहमीपेक्षा कितीतरी लांब कँडल असेल आणि गेल्या दोन-तीन दिवसांच्या कँडल मात्र छोट्या, दिशाहीन असतील, तर छेद त्या जुन्या कँडलच्या जाण्याने झाला असण्याची शक्यता मोठी आहे.

बजाज फायनान्सचा भाव एका रात्रीत दहावा हिस्सा झाला, तेव्हा?

रात्र न दिसण्याचा सर्वांत फसवा परिणाम बोनस आणि शेअर विभाजनाच्या वेळी होतो. पुण्यातील आकुर्डीत नोंदणीकृत कार्यालय असलेल्या बजाज फायनान्सचे उदाहरण त्यासाठी पाहण्यासारखे आहे. कंपनीने २०२५ मध्ये दोन रुपये दर्शनी मूल्याच्या शेअरचे एक रुपयाच्या दोन शेअर्समध्ये विभाजन केले आणि सोबत एका शेअरमागे चार बोनस शेअर दिले. एकाचे दोन आणि दोनाचे दहा. १६ जून २०२५ ही त्याची नोंद तारीख होती. सुमारे ९,३०० रुपयांचा शेअर त्या दिवशी साधारण ९३० रुपयांना दिसू लागला. शेअर्सची संख्या दहापट झाल्याने भागधारकाचे काही गेले नव्हते.

बहुतेक चार्ट सेवा जुने भाव दहाने भागून दुरुस्त करतात. पण पुण्यात आयटीत काम करणारे कित्येक जण शेअर बाजाराच्या संकेतस्थळावरून रोजची ‘भावकॉपी’ उतरवून एक्सेल किंवा पायथॉनमध्ये स्वतःचे निर्देशक चालवतात. त्या फाइलमध्ये ज्या त्या दिवशीचा मूळ भाव असतो. दुरुस्ती स्वतः करावी लागते.

ती राहून गेली, तर ‘आरएसआय’सारखा बंद भावांची तुलना करणारा निर्देशक लगेच बोंब ठोकतो. त्याला एका दिवसात नव्वद टक्के घसरण दिसते, रेषा तळाला जाते आणि चूक लक्षात येते. आरव्हीआय मात्र शांत राहतो. १६ जूनची सुरुवात ९३० च्या आसपास आणि बंदही त्याच्या आसपास, त्यामुळे त्याच्या दृष्टीने काही विशेष घडलेलेच नसते.

बिघाड आत असतो. सोयीसाठी धरू की आधी शेअर दिवसाला १५० रुपयांच्या पट्ट्यात फिरत होता आणि नंतर तेवढीच हालचाल १५ रुपयांची झाली. दहा दिवसांच्या बेरजेत नऊ जुने दिवस १,३५० रुपयांचे आणि एक नवा दिवस १५ रुपयांचा. म्हणजे नव्या दिवसाचे वजन जेमतेम एक टक्का. पाच नव्या सत्रांनंतरही त्या सगळ्यांचे मिळून वजन नऊ टक्केच होते. नववे सत्र संपले तरी उरलेला एक जुना दिवस निम्म्याहून अधिक वजन बाळगून असतो. तेवढा काळ रेषा नव्या भावांकडे जवळपास दुर्लक्ष करून जुन्या दिवसांच्या ये-जा करण्यावर हलत राहते. आकडा अधिक १ आणि उणे १ च्या मध्येच असतो, रेषा गुळगुळीत दिसते, छेदही पडतात. मात्र त्यांना काही अर्थ नसतो.

आपली माहिती दुरुस्त केलेली आहे की नाही, हे तपासायला मिनिटही लागत नाही. बजाज फायनान्सचा १३ जून २०२५ चा भाव पाहावा. तो ९,००० च्या घरात असेल तर माहिती मूळ आहे, ९०० च्या घरात असेल तर दुरुस्त केलेली.

सर्किट लागले तर?

याच दोषाचे टोक वरच्या सर्किटमध्ये दिसते. एखादा छोटा शेअर सकाळी थेट वरच्या सर्किटला उघडला आणि दिवसभर तिथेच अडकला, तर सुरुवात, उच्चांक, नीचांक आणि बंद हे चारही भाव एकच असतात. वरचा फरक शून्य, खालचे अंतरही शून्य. खरेदीदार रांगेत उभे आणि विकणारा कोणी नाही, असा सर्वांत जोमदार दिवस ‘जोम’ मोजणाऱ्या निर्देशकात भरच घालत नाही. सलग सर्किट लागणाऱ्या शेअरमध्ये आरव्हीआयची रेषा त्यामुळे जुन्या दिवसांवरच अडकून राहते.

मग हा निर्देशक कुठे चालतो?

जिथे एका कँडलचा बंद आणि पुढच्या कँडलची सुरुवात जवळजवळ सारखी असते, तिथे सूत्रातील उणीव आपोआप भरून निघते. चोवीस तास चालणाऱ्या परकीय चलनाच्या बाजारात दैनिक कँडलमध्ये रोज मोठा गॅप पडत नाही. भारतीय शेअर्समध्येही पाच किंवा पंधरा मिनिटांच्या चार्टवर दिवसभरातल्या कँडलना ही अडचण येत नाही. फक्त सकाळच्या पहिल्या काही कँडलमध्ये कालचे दुपारचे आकडे मिसळलेले असतात. दहाच्या मापाने तेरा कँडल होईपर्यंत, म्हणजे पाच मिनिटांच्या चार्टवर साधारण सव्वादहा-साडेदहापर्यंत, रेषा कालचा आणि आजचा दिवस मिसळून दाखवते.

दिवसभरात सौदा पूर्ण करणाऱ्यांसाठी हे माप निदान त्यांच्या व्यवहाराशी जुळते. पण जुळणारे माप म्हणजे नफ्याची हमी नव्हे. शेअर बाजाराच्या रोख विभागात इंट्राडे व्यवहार करणाऱ्या दर दहा व्यक्तींपैकी सात जण २०२२-२३ मध्ये तोट्यात होते, असे सेबीच्या जुलै २०२४ मधील अभ्यासात आढळले आहे.

शेअर घेऊन काही आठवडे ठेवणाऱ्यांना दैनिक चार्टवर गॅपचा हिशेब हवा असेल, तर वरच्या कोडमधल्या दोन ओळी बदलता येतात :

```
up = math.sum(ta.swma(close - close[1]), len)
dn = math.sum(ta.swma(ta.tr), len)
```

यात सुरुवातीच्या भावाऐवजी कालचा बंद येतो आणि उच्चांक-नीचांकाच्या अंतरात गॅपही धरला जातो. निवडणुकीच्या त्याच आठवड्याला हे माप लावले, तर ७५९.४५ भागिले ४,४८९.८५, म्हणजे अधिक ०.१७ येते. मूळ पद्धतीत हाच आकडा उणे ०.१० होता. अर्थात हे एलर्स यांचे मूळ सूत्र राहत नाही. शिवाय बोनस किंवा विभाजनाची दुरुस्ती नसेल, तर या मापात नव्वद टक्के घसरण ठळक दिसते. निदान चूक लपून राहत नाही, हा त्यातला फायदा.

दैनिक चार्टवर छेद दिसल्यावर आधी तीन गोष्टी पाहाव्यात :

- गेल्या दहा सत्रांत मोठे गॅप पडले आहेत का? पडले असतील, तर ‘बंद वजा सुरुवात’ची बेरीज आणि भावातला प्रत्यक्ष बदल शेजारी लिहून पाहावा. दोघांची चिन्हे वेगळी असतील, तर छेद दिवसाच्या सत्राबद्दल बोलतो आहे, शेअरबद्दल नाही.
- दहा ते तेरा कँडल मागे एखादी अतिलांब कँडल आहे का?
- या काळात बोनस, विभाजन किंवा सर्किट येऊन गेले आहे का?

३ जून २०२४ च्या संध्याकाळी यातला पहिला प्रश्न विचारला असता, तर दिवसाच्या सत्रात उणे ७४ आणि गॅपमध्ये अधिक ८०७, असे उत्तर मिळाले असते. सोमवारची सगळी तेजी एका रात्रीच्या अंदाजावर उभी होती आणि दिवसभरात त्या भावाला वर नेणारी खरेदी आली नव्हती, एवढे त्यातून समजत होते. दुसऱ्या दिवशी निकाल काय लागणार, हे मात्र कोणताही निर्देशक सांगू शकत नव्हता. मंगळवारी निफ्टी २३,१७९.५० वर उघडला, तोच दिवसाचा उच्चांक ठरला आणि बाजार ५.९३ टक्के खाली बंद झाला.